पावतीही टाकली, बिलही टाकलं: सप्लायरचा ॲडव्हान्स दोनदा मोजला जातोय

रंधा
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत माझं मॉड्युलर किचन आणि फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. प्लायवुड एकाच होलसेलरकडून घेतो. त्याच्याकडे आधी पैसे टाकायचे, माल लागेल तसा उचलायचा, अशी पद्धत. पैसे मिळाले की तो पावती देतो, बिल नंतर मालाबरोबर येतं.

या वर्षी त्याला तीन वेळा ॲडव्हान्स दिला:
४ एप्रिल, एनईएफटीने ५०,०००, पावती २१२
१९ एप्रिल, यूपीआयने ३०,०००, पावती २३१
६ मे, चेकने ४०,०००, पावती २५४

बिलं दोन आली. २८ एप्रिलचं बिल ११८७, माल ६०,००० अधिक जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००. मग २१ मेचं बिल १३४२, माल ५५,००० अधिक जीएसटी ९,९००, एकूण ६४,९००. या दुसऱ्या बिलाच्या तळाला त्याने 'वजा ॲडव्हान्स ४९,२००, बाकी येणे १५,७००' असं छापलंय.

परवा त्याने फोन करून १५,७०० मागितले. आमच्या टॅलीत त्याचं देणं दिसतंय ५६,५००. शिवाय रोख शिल्लक उणे आहे आणि दोन महिन्यांची प्लायवुड खरेदी जवळपास दोन लाख दिसते. एवढा माल तर माझ्या शेडमध्ये मावणारच नाही. हिशेब लिहायला आठवड्यातून दोनदा एक मुलगा येतो. तो म्हणतो, "सगळ्या पावत्या आणि बिलं टाकलीत, काहीच राहिलेलं नाही." मग गडबड कुठे आहे?

गोदाकाठ
सोपं आहे. गिऱ्हाइकाकडून आलेला ॲडव्हान्स विक्रीत धरायचा नाही, 'ग्राहकांची अनामत' असं वेगळं खातं उघडून त्यात ठेवायचा. किचन बसवून झालं की तिथून काढून विक्रीत घ्यायचा. आमच्या केटरिंगमध्ये असंच करतो.

रंधा
गोदाकाठ, उलटं आहे हो. गिऱ्हाइकाचा प्रश्न नाही, मी सप्लायरला दिलेल्या पैशाचा आहे.

गोदाकाठ
अरे हो, घाईत वाचलं. पण आरसा धरा, नियम तोच. तिकडे विक्री नाही, तशी इकडे खरेदी नाही.

पक्याभाऊ
एवढं डोकं कशाला लावताय? सप्लायरचं खातं उघडा, दिलेले सगळे पैसे नावे, आलेली सगळी बिलं जमा. शेवटची शिल्लक त्याच्या उताऱ्याशी जुळली की विषय संपला. टॅलीत बिलवार विचारतं तिथे सगळीकडे `On Account` टाकून एंटर मारायचा. दहा वर्षं हेच करतोय.
आणि हो, पावती आली की त्यातला जीएसटी लगेच क्लेम करून टाका, बिलाची वाट कशाला बघायची?

रोजमेळ
पक्याभाऊंचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. दुसऱ्याकडे मागून येतो, तिसरं मात्र अजिबात करू नका.

रंधा, आधी एक सांगा. त्या मुलाने बँक स्टेटमेंट बघून तिन्ही पेमेंट टाकली तेव्हा नावे कोणतं खातं लावलं? सप्लायरचं की खरेदीचं? आणि १९ एप्रिलची पावती हातात घेऊन वेगळी नोंद केलीय का? रोख उणे आहे म्हणालात म्हणून विचारतोय. घरातून पैसे न आणता रोख उणे झाली तर बहुतेक वेळा बँकेतून गेलेलंच कुठलं तरी पेमेंट पुन्हा रोखीत पडलेलं असतं.

रंधा
काका, तुम्ही माझ्या खांद्यावरून बघताय की काय? बँकेची तिन्ही पेमेंट 'प्लायवुड खरेदी' खात्यात नावे पडलीत. १९ एप्रिलला ३०,००० रोख पेमेंटची नोंद आहे, सप्लायरच्या नावे. पावती २३१ वर 'मिळाले रु. ३०,०००' एवढंच लिहिलंय, कसे मिळाले ते नाही. बाकीच्या दोन पावत्यांवर एनईएफटी आणि चेक लिहिलं होतं म्हणून त्या सुटल्या.
बिल ११८७ पूर्ण टाकलंय. १३४२ चे मात्र तळाचे १५,७०० च टाकलेत, सगळे खरेदीत.

रोजमेळ
मग झालं, सगळी भोकं दिसली. एकेक बघू.

पहिलं भोक. ॲडव्हान्स म्हणजे खरेदी नाही. माल आलेला नाही, बिल नाही, ते तुमचे पैसे त्याच्याकडे पडून आहेत. ते तुम्ही खरेदीत घातले आणि बिल आल्यावर तोच माल पुन्हा खरेदीत आला. इथे १,२०,००० फुगले.

दुसरं भोक. एकाच यूपीआयच्या दोन नोंदी, एक बँकेची आणि एक पावतीची. पावती म्हणजे पैसे पोचल्याची सही. तिच्यावरून स्वतंत्र नोंद कधीच करायची नाही. नोंद बँकेवरून करायची, आणि पावती त्या नोंदीला जोडायची. फक्त खरोखर रोख दिली असेल तेव्हाच पावती हा मूळ कागद, कारण तिथे बँक काही बोलत नाही.

तिसरं भोक फसवं आहे. बिल १३४२ चे १५,७०० हा बिलाचा आकडा नाही, तो पैसे मागण्याचा आकडा आहे. बिल ६४,९०० चंच. तळाला सप्लायर काय वजा करतो ते त्याच्या खात्यातलं गणित. तुम्ही निव्वळ आकडा टाकलात, तर मालाची किंमतही कमी पडली आणि ९,९०० चा जीएसटीही हातचा गेला. मे महिन्याची जीएसटीआर-२बी उघडून बघा, त्यात या बिलाचे ९,९०० दिसत असतील आणि तुमच्या वह्यांत नसतील.

आता आकडे. तुमच्या पुस्तकात खरेदी १,२०,००० + ६०,००० + १५,७०० = १,९५,७००. खरी खरेदी ६०,००० + ५५,००० = १,१५,०००. म्हणजे ८०,७०० जास्त.
सप्लायरचं देणं पुस्तकात ५६,५००, खरं १५,७००. जास्त ४०,८००.
रोख ३०,००० ने कमी, जीएसटी क्रेडिट ९,९०० ने कमी.
४०,८०० + ३०,००० + ९,९०० = ८०,७००. खरेदीत जेवढं जास्त, तेवढंच या तिघांत मिळून अडकलंय. पैपै जुळतंय, म्हणजे या सप्लायरच्या खात्यात चौथं भोक नाही.

रंधा
काका, २बी बघितली. ९,९०० आहेत तिथे! मेचं ३बी अजून भरायचंय, वाचलो.
मग हीच एक नोंद करून टाकू का? सप्लायर, रोख आणि जीएसटी नावे, खरेदी जमा?

रोजमेळ
आकडे बसतील, पण तसं करू नका. ८०,७०० ची एक जर्नल मारली की पुढच्या वर्षी कुणालाच कळणार नाही ती कशाची होती, आणि बिलवार यादी तशीच विस्कटलेली राहील. वर्ष चालू आहे, मेचं रिटर्न बाकी आहे, तेव्हा मूळ नोंदीच दुरुस्त करा. तीन बँक पेमेंटचं खातं बदलून सप्लायर लावा. रोखीची खोटी नोंद काढून टाका. १३४२ पूर्ण ६४,९०० चं टाका.

पक्याभाऊ
काका, मी तेच म्हणत होतो ना? सगळं सप्लायरच्या खात्यात. शिल्लक १५,७०० येणार. मग `On Account` ला हरकत काय?

रोजमेळ
शिल्लक येईल, पक्याभाऊ, त्याबद्दल वाद नाही. पण `On Account` टाकलं की पैसे खात्यात तरंगत राहतात, कुठल्या बिलाचे ते टॅलीला माहीत नसतं. देण्यांच्या यादीत ११८७ चे ७०,८०० उघडेच दिसतात. तीन महिन्यांनी नवा माणूस येतो, यादी काढतो, "हे बिल जुनं झालंय" म्हणतो आणि पुन्हा पैसे पाठवतो. सप्लायर काही परत करायला धावत येत नाही, तो मुकाट्याने त्याचा ॲडव्हान्स करून ठेवतो. कागदावर दोनदा मोजलेलं निस्तरता येतं, बँकेतून दोनदा गेलेलं मागत फिरावं लागतं.
शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत बिल चुकतं झालं नाही तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं. कोणतं बिल चुकतं झालं हेच सांगता आलं नाही तर १८० दिवस मोजणार कशावरून?

आणि पावतीवरच्या जीएसटीचं. माल विकणाऱ्याला ॲडव्हान्सवर जीएसटी भरावाच लागत नाही, १५ नोव्हेंबर २०१७ पासून ती सूट आहे. त्यामुळे प्लायवुडच्या पावतीत जीएसटी नसतोच. सेवा देणाऱ्याला ॲडव्हान्सवर भरावा लागतो. पण तिथेही आपल्याला क्रेडिट त्याच्या पावतीवर मिळत नाही, टॅक्स इनव्हॉइस आल्यावर आणि काम मिळाल्यावरच मिळतं. पावतीवर एकदा घेतलं आणि बिलावर पुन्हा घेतलं, तर तो जीएसटीतला डबल हिशेब. त्याचं व्याजही लागू शकतं.

पक्याभाऊ
सेवेचं माहीत होतं, मालाची सूट आहे हे डोक्यात नव्हतं. असो. `On Account` वर मात्र मी अजून ठाम आहे. महिन्याला चारशे बिलं येणाऱ्याने बिल-बिल जुळवत बसायचं म्हणजे वेगळा माणूस ठेवावा लागेल.

रोजमेळ
चारशे बिलं असतील तर ठेवा की माणूस. :)

रंधा, टॅलीत करायचं असं. सप्लायरच्या लेजरमध्ये `Maintain balances bill-by-bill` ला `Yes`. पेमेंट करताना `Type of Ref` मध्ये `Advance` निवडा आणि नाव म्हणून पावतीचा नंबर द्या, 212, 231, 254. पावती मागून येणार असेल तर आधी तारीख टाका, आली की बदला.
बिल टाकताना पूर्ण रकमेचं टाका. बिलवार खिडकीत `Agst Ref` निवडून 212 मधून ५०,००० घ्या आणि 231 मधून २०,८००. झालं ११८७ चं ७०,८००. 231 मध्ये ९,२०० उरले. १३४२ ला 231 चे ते ९,२०० आणि 254 चे ४०,००० लावा, हेच सप्लायरने छापलेले ४९,२००. राहिलेले १५,७०० `New Ref`, नाव 1342. आता देण्यांच्या यादीत एकच ओळ राहते आणि ती सप्लायरच्या फोनशी जुळते.

सप्लायर जुना ॲडव्हान्स आधी वळता करतो, तुम्हीही त्याच क्रमाने करा. एखादा ॲडव्हान्स खास ऑर्डरसाठी दिला असेल तर तसं पावतीवरच लिहून घ्या. नाहीतर तो एका बिलाला लावणार, तुम्ही दुसऱ्याला. शिल्लक सारखी, पण उघडी बिलं वेगळी, आणि मग दोघांचं बरोबर असूनही भांडण.

सेलफॉर्म्युला
ज्यांच्याकडे टॅली नाही त्यांच्यासाठी. मी तीन शीट ठेवतो: `ADV`, `BILL` आणि `ADJ`. बहुतेक लोक पहिल्या दोनच ठेवतात आणि ॲडव्हान्सच्या पुढे 'बिल नं.' असा रकाना करतात. तिथेच फसतं, कारण 231 सारखा ॲडव्हान्स दोन बिलांत फुटतो आणि एका चौकटीत दोन बिलं मावत नाहीत.

`ADV` मध्ये पैशाच्या प्रत्येक हालचालीला एक ओळ: A नंबर, B तारीख, C सप्लायर, D बँकेचा यूटीआर किंवा चेक नंबर, E रक्कम. `ADJ` मध्ये A ॲडव्हान्सचा नंबर, B बिल नंबर, C रक्कम, बाकी काही नाही. मग `ADV` मध्ये:

```
F2: =SUMIFS(ADJ!C:C,ADJ!A:A,A2)
G2: =E2-F2
H2: =COUNTIF(D:D,D2)
```

F म्हणजे किती वळता झाला, G म्हणजे किती उरला. G उणे आला तर तोच ॲडव्हान्स दोन बिलांना जास्तीचा लावलाय. H मध्ये २ दिसला तर तेच पेमेंट दोनदा टाकलंय. D रकाना आधी टेक्स्ट करून घ्या, नाहीतर चेक नंबरच्या सुरुवातीची शून्यं उडतात.
नंतरचे १५,७०० दिले की तेही `ADV` मध्येच टाका आणि `ADJ` मध्ये १३४२ ला लावा. बिलाआधी दिलं काय नि नंतर दिलं काय, पैसे एकाच दारातून जाऊ द्यावेत.

रोजमेळ
छान. फक्त नंबरासाठी पावती नंबरावर विसंबू नका. काही सप्लायर एका एनईएफटीच्या दोन पावत्या फाडतात, त्यांच्या दोन फर्म असतात म्हणून. ओळ बँकेच्या हालचालीची, पावती नंबर शेजारच्या रकान्यात. आणि चेकच्या पावतीवर 'चेक वटल्यावर ग्राह्य' असतं ते वाचा. पावती ६ मेची, बँकेत ८ तारखेला पडला, तर कुणीतरी दोन्ही तारखांना एकेक नोंद करतोच. चेक परत आला तर पावती तुमच्याकडे राहते आणि पैसेही तुमच्याकडे. अशी पावती फाइलला ठेवताना तिच्यावर आडवी रेघ मारा.

डोंबिवलीकर
आमच्या सोसायटीतला घोळ इथेच विचारतो. रंगकामाच्या ठेकेदाराला १ लाख ॲडव्हान्स ठरला. एकट्याचा धंदा आहे, जीएसटी नाही. १ टक्का टीडीएस कापून ९९,००० दिले. काम झाल्यावर बिल आलं अडीच लाखांचं. खजिनदारांनी ९९,००० वजा केले आणि पूर्ण अडीच लाखांवर २,५०० टीडीएस कापला. ठेकेदार म्हणतो, "माझे पैसे खाल्ले." कोण बरोबर?

रोजमेळ
ठेकेदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. टीडीएस पैसे देताना किंवा बिल जमा करताना, जे आधी होईल तेव्हा एकदाच कापायचा. १ लाखाचा कापून झालाय. बिलाच्या वेळी उरलेल्या दीड लाखावर १,५०० कापायचा.
ॲडव्हान्स वळता करायचा तो १ लाख, ९९,००० नव्हे. बँकेतून ९९,००० गेले आणि १,००० त्याच्या नावाने सरकारात गेले, दोन्ही मिळून त्यालाच दिलं. म्हणजे २,५०,००० वजा १,००,००० वजा १,५०० = १,४८,५०० द्यायचे. तुमच्या खजिनदारांनी किती दिले?

डोंबिवलीकर
२,५०,००० वजा ९९,००० वजा २,५०० = १,४८,५००.
अहो, आकडा तोच आला की!

रोजमेळ
आला खरा. ठेकेदाराच्या हातात बरोबर पडले, तेव्हा खाल्ले म्हणता येणार नाही. पण पुस्तकात बघा. ॲडव्हान्सच्या वेळचे १,००० आणि बिलाचे २,५००, असा एकूण ३,५०० टीडीएस भरला असेल तर सोसायटीच्या खिशातून १,००० जादा गेले. आणि बिलाच्या वेळी १,५०० च भरले असतील, तर सोसायटीच्या खात्यात १,००० टीडीएस देणे म्हणून उगाच लोंबकळतंय आणि ॲडव्हान्समध्येही १,००० वळते व्हायचे राहिलेत. ठेकेदाराचं २६एएस बघितलं की कोणतं ते लगेच कळेल.

डोंबिवलीकर
ठेकेदाराकडून २६एएस मागवतो. खजिनदार सध्या फोन उचलत नाहीत.

रंधा
अपडेट. काकांनी सांगितलं तसं सगळं दुरुस्त केलं. देणं बरोबर १५,७००, खरेदी १,१५,०००, रोखही उणे नाही. त्या मुलालाही समोर बसवून दाखवलं. आता नवा नियम केलाय. पावती आली की मागे बँकेची तारीख आणि यूटीआर लिहायचा, टॅलीतला व्हाउचर नंबर लिहायचा, मगच ती फाइलला. ज्या पावतीच्या पाठीवर व्हाउचर नंबर आहे ती पुन्हा टाकायची नाही.

सप्लायरकडून खाते उताराही मागवला. त्यात एक जुनं दुखणं निघालं. माझ्या फाइलला मार्चमधली ५,००० रोख दिल्याची कच्ची चिठ्ठी आहे, त्याच्या सेल्समनची सही असलेली. आमच्या ३१ मार्चच्या ताळेबंदात ते ५,००० 'सप्लायरला ॲडव्हान्स' म्हणून त्याच्याच, पण वेगळ्या नावाच्या खात्यात पडलेत. त्याच्या उताऱ्यात १ एप्रिलची आरंभी शिल्लक शून्य आहे. तो सेल्समन आता तिथे नाही. मग मी १५,७०० द्यायचे की १०,७००?

पक्याभाऊ
१०,७०० द्या आणि गप्प बसा. तो बोंबलेल तेव्हा चिठ्ठी दाखवा.

सेलफॉर्म्युला
नको हो. पुढचा माल अडवला तर? ५,००० साठी किचनचं काम थांबायचं.

रोजमेळ
आधी चिठ्ठीचा फोटो आणि आपला ३१ मार्चचा खाते उतारा त्याच्या अकाउंट्सला मेलवर पाठवा, फोनवर बोलू नका. त्याच्या रोजमेळात त्या तारखेला ५,००० आलेत का ते त्यानेच बघायचंय. कधीकधी ते दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा असतात, कधी सेल्समनच्या खिशात. उत्तर येईपर्यंत १३४२ ला हात लावू नका आणि ते ५,०००ही कुठल्या बिलाला लावू नका, वेगळे उघडे दिसू द्या. दुसरं नाव कशाला ठेवलंय मात्र? सप्लायर एक, तर खातं एक. आधी ते दोन्ही एकत्र करा, नाहीतर जुना ॲडव्हान्स एका नावाखाली आणि बिलं दुसऱ्या नावाखाली, कितीही नियम केले तरी भेट होणार नाही.

गोदाकाठ
आणि सेल्समन पळाला तर पैसे कोणाचे बुडाले? सही त्यांच्या माणसाची आहे ना?

रोजमेळ
सही त्यांच्या माणसाची, पण चिठ्ठी त्यांच्या पावती पुस्तकातली नाही. इथे दोन्ही बाजूंनी बोलता येईल. वकिलाला विचारण्याइतकी रक्कम नाही आणि सोडून देण्याइतकीही नाही.

रंधा
मेल टाकलाय. त्यांच्या अकाउंटंट बाई म्हणाल्या, सोमवारी मार्चची रोकडवही काढते.